जावईबापूंची नाडी

शस्त्रक्रियेच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टरना पाठीमागे सगळे कोपरबाई म्हणत. कारण दिवसातून पंधरा वेळा तरी त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे: "कोपराच्या खाली काही नको." अंगठी नको, बांगडी नको, मनगटावर घड्याळ तर नकोच. घड्याळाच्या पट्ट्याखाली हात धुतला जात नाही, आणि जिथे पाणी-साबण पोचत नाही तिथे काय मुक्काम ठोकतं हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलं होतं की मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना लांबून येताना पाहिलं की घड्याळ काढून खिशात टाकत. सिस्टरांचं स्वतःचं घड्याळ छातीवर, पिनेला उलटं लटकलेलं असे. मान खाली घातली की वेळ सुलट दिसे. त्याला रबरासारखं आवरण होतं, ते सारखं पुसता यायचं, धुताही यायचं, आणि लाल सेकंद काटा टुकटुक फिरत राहायचा.

अशा बाईंना त्यांच्या जावयाने मनगटी घड्याळ भेट दिलं.

जावईबापूंचं घड्याळांचं दुकान होतं. सासूबाईंच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी दुकानातलं सगळ्यात देखणं घड्याळ निवडलं. गुलाबी सोन्याचा मुलामा, मऊ तपकिरी चामड्याचा पट्टा, आणि तबकडी अशी मोकळी की तिच्यावर आकडे नाहीत, मिनिटांच्या रेघा नाहीत, फक्त चार दिशांना चार खडे. सेकंद काटाही नव्हता. "त्याने तबकडी भरल्यासारखी वाटते, आई," जावईबापू म्हणाले होते. सिस्टरांनी "फार सुरेख आहे हो" म्हणून डबी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. त्याला आठ महिने झाले. जावईबापू घरी आले की त्यांची नजर आधी सासूबाईंच्या मनगटावर जायची, मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे, आणि मग ते पाणी मागायचे.

आठव्या महिन्यात जावईबापूंच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, आणि पलंग मिळाला तो सासूबाईंच्याच वॉर्डात, खिडकीजवळचा.

आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, उद्या ते घड्याळ घाल."

"वॉर्डात?"

"ते घाबरलेत गं. चेहऱ्यावर दाखवत नाहीत, पण रात्रभर घड्याळं पुसत बसतात. तेवढं घातलंस तर त्यांना बरं वाटेल. एक दिवस."

सिस्टरांनी "बघते" म्हणून फोन ठेवला. पण लेकीच्या आवाजातली काळजी ऐकून त्यांनी सकाळी डबी पर्समध्ये टाकली. वॉर्डात शिरण्याआधी, कपडे बदलायच्या खोलीत, चोरासारखं इकडे तिकडे बघत त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि वरून लांब बाह्यांचं स्वेटर चढवलं.

जावईबापूंच्या पलंगाशी त्या गेल्या आणि बाही थोडी वर केली. जावयाचा चेहरा उजळला. "आई, किती शोभतंय."

"हो ना," सिस्टर म्हणाल्या, आणि बाही खाली केली.

सुख एवढंच टिकलं. त्या हात धुवायला बेसिनशी गेल्या तर तिथे मावशी उभी होती. मावशी म्हणजे वॉर्डाची सफाई बघणारी, वीस वर्षांपासून सिस्टरांच्या बरोबरची. बाह्या वर केल्याशिवाय हात धुता येत नाहीत, आणि वर केल्या तर मावशीला दिसणार. सिस्टरांनी बोटांची टोकं तेवढी ओली केली.

"सिस्टर," मावशी मॉप भिंतीला टेकवत म्हणाली, "कोपर."

"अगं, जावयाने..."

"जावयाने दिलं की जंतू पाहुणचार झोडत नाहीत का? तुम्हीच सांगितलंत ना, दोरा काय नि चामडं काय, पाणी पितं, घाम पितं आणि धुता येत नाही म्हणून?"

 मागच्याच महिन्यात हे शब्द सिस्टरांनी मावशीच्या मनगटावरच्या दोऱ्याबद्दल वापरले होते. त्यांनी घड्याळ सोडलं, स्वेटर काढलं, कोपरापर्यंत दोन्ही हात चोळून चोळून धुतले आणि ओले हात तसेच पुढे धरून मावशीकडे बघितलं. मावशी पुसायचा कागद पुढे करून निघून गेली.

पण पाच मिनिटांपूर्वी घातलेलं घड्याळ गेलं कुठे म्हणून जावयाला काय सांगायचं? सिस्टर गेल्या आणि म्हणाल्या, "हे तुमच्याजवळच राहू दे. कामात ओरखडा पडेल, जीव घाबरतो." जावईबापू खूष झाले. एवढं जपतात म्हणजे आवडलंय. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि घड्याळ पलंगाशेजारच्या कपाटावर, पाण्याच्या बाटलीला टेकून, दिमाखात उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंना घरी सोडायचं होतं. सकाळी सिस्टर वॉर्डात नव्हत्या. अधीक्षकांच्या खोलीत हातांच्या स्वच्छतेवर बैठक होती आणि तिथे पट्टे या विषयावर त्याच बोलणार होत्या. तपमान, नाडी, रक्तदाब टिपायला नवीन नर्स आली. हिचं छातीवरचं घड्याळ आदल्या दिवशी गणवेशाच्या खिशातून थेट धुलाईयंत्रात गेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ खांबामागे होतं आणि बोटाला लावायचं यंत्र शेजारच्या वॉर्डाने मागून नेलेलं. तिने जावईबापूंचं मनगट धरलं आणि इकडे तिकडे बघू लागली.

"काय शोधताय?" जावईबापूंनी विचारलं.

"घड्याळ, सर. नाडी मोजायची आहे."

जावईबापूंचा व्यवसायच तो. त्यांनी कपाटावरचं घड्याळ उचलून तिच्यापुढे धरलं. "हे घ्या. सिस्टरांचं आहे. दुकानातलं सर्वोत्तम."

नर्सने तबकडी पाहिली. तिला सेकंद काटा दिसला नाही. मिनिटांच्या रेघाही दिसल्या नाहीत. पण समोर मुख्य सिस्टरांचा जावई, हातात मुख्य सिस्टरांचं घड्याळ, आणि "याच्यावर मोजता येत नाही" हे काही तिला म्हणवेना. तिने मिनिट काटा कुठे आहे ते नजरेत ठेवलं आणि मोजायला लागली. काटा हलल्यासारखा वाटला तेव्हा थांबली. तक्त्यावर नाडीच्या ओळीत लिहिलं: एकशे बारा.

नऊ वाजता डॉक्टर आले. त्यांनी ओळ वाचली, परत वाचली. "नाडी?" त्यांनी विचारलं.

जावईबापूंनी घाईने दवाखान्याच्या पायजम्याची गाठ चाचपली. "घट्ट आहे, डॉक्टर."

"ती नाही. हाताची. एकशे बारा आहे." डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, दुखतं का विचारलं, तपमान विचारलं. सगळं ठीक होतं. पण शस्त्रक्रियेनंतर नाडी एवढी धावत असेल तर आत काही गडबड नाही ना, हे बघावंच लागतं. "आज घरी नाही. ईसीजी काढा, रक्त पाठवा. आणि तोंडाने काही देऊ नका, कळेपर्यंत."

या शेवटच्या वाक्याने जावईबापू खचले. दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवायला मिळणार होतं. नाश्त्याची गाडी दारात उभी होती, तिच्यावरच्या सूपची वाफ त्यांना दिसत होती. ती गाडी त्यांना वळसा घालून पुढच्या पलंगाशी गेली. "मला काय झालंय?" त्यांनी बायकोला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. दोघांनी मिळून साडेअकरा वाजेपर्यंत पुरेल एवढी काळजी केली.

सिस्टर साडेअकराला परतल्या. लेकीने दारातच गाठलं. त्यांनी तक्ता बघितला, हात धुतले आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेवर तीन बोटं टेकवली. मान खाली, नजर छातीवरच्या लाल काट्यावर.

"आई, मला..."

"बोलू नका."

साठ सेकंद झाले. जावईबापूंना लग्नापासून आजवर सासूबाईंनी इतका वेळ हात धरलेला आठवत नव्हता. त्यांना बरं वाटलं, आणि भीतीही वाटली, ती बोटं काही वाईट सांगतील म्हणून.

"अठ्ठ्याहत्तर," सिस्टर म्हणाल्या. "नियमित." पुन्हा एक पूर्ण मिनिट मोजलं. शहात्तर.

मग त्यांनी नर्सला बोलावलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "कशावर मोजलीस?" नर्सने कपाटाकडे बोट दाखवलं. डोळे भरून आलेच होते.

सिस्टरांनी घड्याळ उचललं, त्यावरच्या चार खड्यांकडे बघितलं आणि जावयाच्या हातात दिलं. "घ्या. माझी नाडी मोजा बघू याच्यावर. एक मिनिट."

जावईबापूंनी मनगट धरलं. घड्याळांत आयुष्य गेलेलं, त्यांना काय अवघड? त्यांनी काट्याकडे डोळे रोखले. मोजत राहिले. काटा मिनिटभर पुढे गेला असं वाटलं तेव्हा थांबले. "सत्त्याण्णव."

"माझ्या घड्याळावर वीस सेकंदांपूर्वीच मिनिट संपलं. माझी बहात्तर असते."

जावईबापू घड्याळाकडे बघत राहिले. "तबकडी मोकळी दिसते म्हणून काटा काढतात," ते हळूच म्हणाले.

"दिसते. सुरेख दिसते. पण मला इथे दिवसभर सेकंद लागतात हो, आणि पट्टा धुता यायला हवा. मनगटावर तर मला काहीच घालता येत नाही. हे मी आठ महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"मला वाटलं," जावईबापू म्हणाले, "मीच तुम्हाला आवडत नाही."

सिस्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "असं कसं. तुम्ही आवडता. घड्याळ मनगटावर आवडत नाही." मग नर्सकडे वळल्या. "आणि तू. घड्याळ नसेल तर घड्याळ नाही म्हणायचं. कोणाचा जावई असो. अंदाजाने आकडा लिहायचा नाही. आता जा, डॉक्टरांना स्वतः सांग, मीही येते."

त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, घड्याळाचा भाग न वगळता, स्वतःचाही न वगळता. ईसीजी नीट आला, रक्तही नीट आलं. डॉक्टरांनी खाणंपिणं सुरू करायला सांगितलं, पण घरी उद्याच. दुपारी तीनला जावईबापूंना सूप मिळालं. त्यांनी ते इतक्या हळू प्यायलं की मावशीला दोनदा वाटी न्यायला येऊन परत जावं लागलं.

महिन्याभराने जावईबापू दुकानातून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन वॉर्डात आले. आत छातीवर लावायची बारा घड्याळं होती, रबरी आवरणाची, रंगीत, प्रत्येकाला सेकंद काटा आणि मिनिटांच्या रेघा. "पाण्यात चालतात असं कंपनी म्हणते," ते म्हणाले.

"बघू," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एक उघडं भांडं मागवलं, त्यात साबणाचं पाणी केलं आणि बारा घड्याळं आत सोडली. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर जी वस्तू त्यांनी मऊ कापडाने पुसली ती सासूबाई भाजीसारखी खळबळून धूत होत्या. पाच मिनिटांनी बाहेर काढली. तीन घड्याळांत पाणी शिरलं होतं आणि काटे थांबले होते.

"ही तीन परत न्या," सिस्टर म्हणाल्या. "नऊ चालतील."

जावईबापूंनी तीन बंद घड्याळं खिशात टाकली. नवीन नर्स हिरवं घड्याळ छातीवर लावून, मान खाली घालून बघत होती, आणि मावशी विचारत होती की सफाईवाल्यांना पण एक मिळेल का, पिवळं असलं तर बरं.