काष्टीच्या यादीतली अकरा नावं

आरती त्या शुक्रवारी नगरहून दौंडच्या एसटीने काष्टीला गेली, ती प्रशांतसरांच्या सांगण्यावरून. नगरच्या सावेडीत त्यांचं छोटं ऑफिस होतं. दुकानांना, डेअऱ्यांना, पशुखाद्यवाल्यांना ते ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवून देत. प्रोग्राम प्रशांतसर लिहीत, तो सावेडीतूनच इंटरनेटवर सगळ्यांकडे चाले, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी आरती बघे. सहा वर्षांपूर्वी ती तिथे लागली तेव्हा तिला माऊस नीट धरता येत नव्हता. आज जे काही येत होतं, ते सरांनी शेजारी बसवून शिकवलेलं.

"उत्तमरावांकडे घोळ झालाय जरा," सर म्हणाले होते. "त्यांची फोनवरची पोरगी म्हणते, सॉफ्टवेअरने नावं गाळली. तू जा, त्यांच्यासमोर सगळी पानं उलटून दाखव. काही नाहीये त्यात."

उत्तमरावांचा काष्टीला गोळीपेंडीचा कारखाना. झालं होतं ते असं, की एका लॉटच्या पोत्यांत बुरशी सापडली. सोमवारी सकाळी हे कळल्याबरोबर उत्तमरावांनी ज्ञानेश्वरीला बसवलं. ती तीन वर्षं तिथे फोनवर होती. "यादीतल्या प्रत्येकाला फोन लाव. पोतं उघडलं असेल तर जनावरापुढून काढा म्हणावं." यादीत तेराशे बारा नावं होती. ज्ञानेश्वरीने यादी गावाप्रमाणे लावली, म्हणजे एका गावाचे लोक एकत्र येतील. एका पानावर पंचवीस नावं, एकूण त्रेपन्न पानं. फोन झाला की ती त्या नावापुढे शेरा भरी : "कळवलं". मंगळवारी संध्याकाळी त्रेपन्नावं पान संपलं.

गुरुवारी पहाटे काष्टीतल्याच झुंबरबाईंची गाभण गाय मेली. झुंबरबाईंना फोन गेलाच नव्हता.

उत्तमरावांनी सगळी यादी एकदम छापून घेतली. त्यात अकरा नावांपुढचा शेरा कोरा निघाला. सगळी मोठ्या गावांची, जवळपास निम्मी काष्टीची. त्यांनी स्वतः फोन लावले. आणखी दोघांची जनावरं आजारी होती, ती पुढे वाचली.

शुक्रवारी आरती पोचली तेव्हा ज्ञानेश्वरी टेबलाच्या कडेला उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मॅडम, मी तुम्हाला सोमवारीच फोन केला होता," ती आरतीला म्हणाली. "आठवतंय ना? एकच माणूस परत परत दिसतोय म्हणून."

आरतीला आठवत होतं. सोमवारी दुपारी तिने ते सरांना विचारलं होतं. सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले होते, "दोनदा नोंदलेला असेल कुणीतरी. नाहीतर ती मागच्या पानावर जात असेल." आरतीने तेच ज्ञानेश्वरीला सांगितलं होतं. ग्राहक क्रमांकही तोच आहे, असं ती म्हणाली, तेव्हा आरतीने तिला म्हटलं होतं, "तुम्ही मागचं बटण दाबत असाल, ताई. पुढे चला."

आता आरतीने खुर्ची ओढली, आपला लॅपटॉप उघडला, यादी गावाप्रमाणे लावली आणि उत्तमरावांसमोर काष्टीची पानं उलटायला सुरुवात केली. एकशे चौऱ्याऐंशी नावं. एकही दोनदा आलं नाही. झुंबरबाईंचं नाव तिसऱ्या पानावर जागच्या जागी होतं. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. दोन-चार शेरे बदलून पाहिले. तीच नावं, तोच क्रम.

"बघितलं?" उत्तमराव ज्ञानेश्वरीला म्हणाले. "हाय का न्हाई नाव? मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"त्या दिवशी नव्हतं, मालक."

"आणि आज कुठून आलं?"

ज्ञानेश्वरीने आरतीकडे पाहिलं. काहीतरी बोला, असं त्या नजरेत होतं. आरतीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "सॉफ्टवेअरमध्ये मला तरी काही दिसत नाही."

ज्ञानेश्वरीला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. निघताना तिने फाटकाशी आरतीच्या हातात एक छोटी वही दिली. "यात मी लिहून ठेवलंय, कोण कोण परत आलं ते. तुम्ही तरी बघा," म्हणाली आणि वळून चालायला लागली.

वही दोन दिवस पर्समध्ये राहिली. सोमवारी डबा खाताना आरतीने ती उघडली. क्रमांक, नाव, गाव, आणि पुढे "पुन्हा". बेलवंडीच्या एकाचं नाव दोन ओळींत होतं, दुसऱ्या ओळीत "तिसऱ्यांदा, चिडले" असं लिहिलेलं. ओळी मोजल्या. अकरा.

घास तसाच राहिला. तेराशे बारा नावं, तेवढ्याच जागा. पानं एकेकदाच उलटली आणि अकरा जागांवर आधीची माणसं पुन्हा बसली, तर अकरा माणसांना जागा मिळालेलीच नसणार. फोन करायचा कंटाळा आलेली मुलगी नावं गाळील, पण ती बरोबर तेवढीच नावं दोनदा कशाला लिहील?

सर बाहेर गेले होते. आठवड्यापूर्वीच्या रविवारचा, म्हणजे फोन सुरू व्हायच्या आधीचा उत्तमरावांच्या माहितीचा बॅकअप होता. आरतीने कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तो चढवला आणि मागच्या सोमवारी चालू होता तो प्रोग्रामही तसाच घेतला. नुसती पानं उलटून पाहिली तर सगळं ठीक दिसलं. मग तिने ज्ञानेश्वरीने केलं तेच केलं : प्रत्येक नावापुढे शेरा भरायचा, जतन करायचा, मग पुढचं पान. काष्टीच्या चौथ्या पानावर एक नाव आलं, त्यापुढे आधीच लिहिलेलं होतं, "कळवलं". ते तिने स्वतःच लिहिलं होतं.

प्रोग्राम उघडला तेव्हा कारण एका ओळीत सापडलं. यादी गावाप्रमाणे लावायची, एवढंच तिथे सांगितलेलं. एकशे चौऱ्याऐंशी जणांचं गाव एकच, मग त्यांच्यात आधी कोण आणि मागून कोण, हे कुठेच ठरवलेलं नव्हतं. प्रत्येक पानाला कॉम्प्युटर यादी नव्याने लावी, आधीच्या पानांएवढी नावं सोडून देई आणि पुढची पंचवीस दाखवी. शेरा भरला की ती नोंद आतल्या आत दुसऱ्या जागी साठवली जाई. सारख्या गावांच्या नोंदींचा क्रम त्यामुळे हले. पाहिलेला माणूस पुढच्या पानावर यायचा, न पाहिलेला गुपचूप मागच्या पानात जायचा. गावाच्या जोडीला ग्राहक क्रमांक लावला असता, तर काही हललं नसतं, कारण क्रमांक प्रत्येकाचा वेगळा.

हे सरांना सांगायचं म्हणून ती आजचा प्रोग्राम उघडून तीच ओळ शोधायला लागली. तिथे गाव होतं आणि पुढे ग्राहक क्रमांकही होता.

प्रोग्राममध्ये कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद राहते. तिने ती काढली. बदल प्रशांतसरांचा. गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. शेजारी लिहिलेलं : किरकोळ सुधारणा.

गुरुवारी दुपारी. गाय मेल्याचा उत्तमरावांचा फोन सकाळीच ऑफिसात आला होता. आणि शुक्रवारी सकाळी सर तिला म्हणाले होते, तू जा, काही नाहीये त्यात.

ती तिथेच बसून राहिली. आपल्याला दुरुस्त झालेली यादी घेऊन एका मुलीला खोटं पाडायला पाठवलं होतं, आणि आपण ते मनापासून केलं होतं. एसटीत खिडकीशी बसून काय बोलायचं याची तयारीसुद्धा केली होती.

सर आले तेव्हा तिने नोंदीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून ठेवला.

"दुरुस्त केलं ना मी?" ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तिथे तोंडावर पकडली गेली असतीस. तुला खोटं बोलता येत नाही, आरती."

"म्हणून मला माहीत नसलेलंच बरं?"

"चाळीस गिऱ्हाइकं आहेत आपली. सगळ्यांकडे हेच आहे, आता सगळीकडे नीट केलंय. आपल्या चुकीने गाय मेली असं एकदा नगर जिल्ह्यात पसरलं, की दुकान बंद. तुझाही पगार त्यातच आहे. त्या पोरीला मिळेल दुसरीकडे काम."

ज्ञानेश्वरीच्या मागच्या सोमवारच्या फोनबद्दल तिने विचारलं. तेव्हा तरी माहीत होतं का? "शंका आली होती," सर म्हणाले. "गडबडीत होतो."

आरतीला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर तिने कदाचित विश्वासही ठेवला असता.

मंगळवारी ती न विचारता काष्टीला गेली. वही, बॅकअपवरच्या पानांचे छापील कागद, बदलाची नोंद, सगळं उत्तमरावांपुढे मांडलं. कळायला त्यांना वेळ लागला. कळलं तसे ते उठून खिडकीशी गेले.

"म्हंजे मी लेकरावर आळ घेतला," ते म्हणाले. मग एकदम आरतीवर उखडले, "आणि तुमी, बाई, माझ्यासमोर बसून पानं उलटत हुता!"

त्यांनी ज्ञानेश्वरीला बोलावून घेतलं. ती आली, सगळं ऐकलं, उद्यापासून ये हे मालकांचं म्हणणंही ऐकलं. "नको," ती म्हणाली आणि आरतीकडे वळली. "पण एक काम करा. झुंबरमावशीला हे तुमच्या तोंडानं सांगा."

झुंबरबाई तिच्या आईची चुलतबहीण. दोन घरांत बांधावरून अबोला होता. साऱ्या गावाला फोन केला आणि ठरवून मलाच वगळलं, असं झुंबरबाई चार-पाच दिवस घरोघरी सांगत होत्या. ज्ञानेश्वरीची आई त्यामुळे दळणालासुद्धा बाहेर पडत नव्हती.

झुंबरबाई गोठ्यात उकिडव्या बसून कालवडीला कडवळ टाकत होत्या. आरतीने त्यांना जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. काष्टीच्या सगळ्यांना एका गावाचे म्हणून एकत्र उभं केलं होतं, पण कोण कुणाच्या मागे ते ठरवलंच नव्हतं. दर पानाला माणसं जागा बदलत होती.

"म्हंजे रांगंला नंबरच न्हवता," झुंबरबाई म्हणाल्या.

"हो. नंबर आम्ही द्यायला पाहिजे होता."

"आन् ह्या पोरीनं सांगितलं न्हाई कुनाला?"

"सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, तुमचंच चुकत असेल."

झुंबरबाईंनी हातातला चारा खाली टाकला. त्या आरतीकडे बघत होत्या, दाराशी उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरीकडे नाही. "लई शिकलेल्या दिसता," म्हणाल्या आणि चारा कालवडीपुढे सारू लागल्या. मग दाराकडे न बघताच म्हणाल्या, "ज्ञानू, तुज्या आईला म्हनावं, मी येते सांजंला."

ज्ञानेश्वरी रस्त्यापर्यंत आरतीसोबत आली. आरती माफी मागायला लागली तेव्हा तिने मध्येच थांबवलं. "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, ह्या फोनवरच्या बाई आहेत, ह्यांना तरी माहीत आहे."

आरतीने वही परत केली. ज्ञानेश्वरीने ती घेतली आणि एसटी यायच्या आधीच घराकडे निघून गेली.

बुधवारी आरती ऑफिसात गेली. सरांनी मान वर केली नाही. तिने आपल्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांची यादी काढली आणि पहिल्याला फोन लावला. "मी सावेडीहून आरती बोलतेय. गेल्या आठवड्यापर्यंत तुमच्या यादीत एक चूक होती. कुणी नावं परत येतात म्हणून तक्रार केली असेल, तर ती खरी होती."

सर खुर्चीतून उठले होते. तिने आवाज कमी केला नाही.