जीनचं दार

दोंडाईच्याच्या कापसाच्या जीनचा भोंगा झाला, की दीड कोसावरच्या शेतात हिलालच्या आईचा, ताईबाईचा हात थांबायचा. बोंडावर टेकलेली बोटं भोंगा विरेपर्यंत तिथंच राहायची. मग पुन्हा वेचणी सुरू. हिलाल हे लहानपणापासून बघत होता. बाया देवळाची घंटा ऐकून हात जोडतात, तसंच काही असेल म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं.

आज मात्र भोंग्यानं त्याचाही हात थांबला. आज त्याला बोलायचं होतं.

बोलायचं कसलं, ऐकायचं होतं. बोलून तर तो बसलाच होता. दसऱ्याला आपट्याची पानं बापाच्या हातावर ठेवता ठेवता त्यानं सांगून टाकलं होतं, "आबा, मी जीनमा इंजिनवर जासू." धनसिंगनं पानं खाली ठेवली. पुढं पाच दिवस त्यानं पोराच्या हातचं पाणी घेतलं नाही. ताईबाईनं चुलीपुढून नुसतं 'नको जाऊ' म्हटलं, आणि हिलाल तिच्यावरच खेकसला होता, "तुले काय समजस?" त्या शब्दांची आता त्याला लाज वाटत होती. भरल्या मडक्यात पाणी ओतलं तर बाहेरच सांडतं. आधी मडकं रितं होऊ द्यावं.

"आबा," कापसाची ओळ न सोडता तो म्हणाला, "त्या रोज मी नुस्तं मनंच सांगं. आज तुम्ही सांगा. मी मझार बोलाव नई."

धनसिंगनं ओटीतला कापूस झोळीत रिचवला. "काय सांगू? एकुलता एक तू. दोन बैलं, चौदा बिघा रान. उद्या मी पडनू तं औत कोन धरी? लोके म्हनतीन, धनसिंगना पोऱ्या दुसराना भोंगावर ऊठस."

उत्तर हिलालच्या जिभेवर आलं होतं. त्यानं तीन बोंडं वेचली आणि ते गिळलं. "आखो काय, आबा?"

"आखो काय म्हंजे?" म्हातारा जरा गडबडला. इतकं विचारलं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. "आखो ते इंजिन. वाघले एक येळ दया ई, इंजिनना पट्टाले नई येस. तुना मामाले देखं ना तू?" एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

मायलेक दोघंच उरले. काळ्या मातीतून ऊन वर येत होतं.

"माय, तुले कसानं भ्याव वाटस?"

ती वेचत पुढं सरकली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. अर्धी ओळ संपल्यावर तिनंच तोंड उघडलं.

"चिंधामामाना हात कसा गया, ठाऊक शे तुले?"

"पट्टामा गया."

"ते बठ्ठा गावले ठाऊक शे. त्यानी वर कसाले देखं, ते ठाऊक शे?" तिचा आवाज फाटक्या पदरासारखा झाला. "मी तेरा वरीसनी व्हतू. त्यानी भाकर लई गऊ. जीनना दारमा उभी ऱ्हायनू नि हाक मारी, चिंधाभाऊ. त्यानी वर देखं. नि मंग..." ती खाली बसली. "तीस वरीस व्हई ग्यात. कोनले सांगं नई. तुना बापलेबी नई."

तुझी काय चूक त्यात, असं म्हणायला हिलाल गेला आणि थांबला. जे ठाऊक नाही ते कशाला बोलायचं? त्यानं तिची उरलेली ओळ वेचून टाकली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो दोंडाईच्याला गेला. चिंधामामा त्याच जीनच्या फाटकावर राखणदार होता. आईचं गुपित हिलालनं उघड केलं नाही. कोण कुठं उभं राहतं, पट्टा कोण चढवतो, तेल कधी देतात, एवढंच खोदून खोदून विचारलं. शेवटी तो त्या दारात जाऊन उभा राहिला. आत रुईची धूळ उडत होती. पायाखालची फरशी थरथरत होती. पळून जावंसं वाटलं त्याला. मागून कुणीतरी खांदा ओढला. मामा होता.

"कव्हयना हाका मारी ऱ्हायनू," बाहेर आल्यावर मामा हसला. "बहिरा शे का तू? पन जीनमा कोनलेच ऐकू येत नई. मना हात गया तव्हय मी जीव तोडीसन वरडनू. शेजारना मानूसले ऐकू उनं नई. मी वर देखं, तं तुनी माय दारमा. कव्हय उनी व्हती कोन जाने."

घराकडे निघण्याआधी हिलालनं इंजिनघरात मिस्तरीची गाठ घेतली, आणि वाटेत शेजारच्या शेतातल्या झुलालकाकाची.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीला तिघं बांधावरच्या निंबाखाली बसले. हिलालनं तुरखाटीची, वाळल्या तुरीची काडी घेतली आणि मातीत रेघा ओढल्या.

"आबा, तुमनं मी आयकं. तुमले शेतनी काळजी शे, लोकेस्नी शे, नि मना हातनी शे. काही ऱ्हायनं का?"

धनसिंगनं मान हलवली. नाही, राहिलं नव्हतं.

"जीन चालस वैशाखनी आखाजीलोंग. मिरीगना पाऊसले मी घर. पेरनी, निंदनी, कोळपनी बठ्ठी मी करसू. आत्तेनी वेचनीले झुलालकाका दोन मानसे देवाव शे. मी त्याले विचारी उनू. त्याना बदलामा पेरनीले मी त्याना औतवर जासू."

"झुलाल हा म्हना?"

"तुम्ही विचारी ल्या." त्यानं एक चौकोन काढला. "हाई इंजिनघर. जीन नि इंजिनना मझार भिंत शे. पहिलं वरीस माले बंद यंत्रले तेल देनं नि पुसनं. दुसरं वरीस जीवराम मिस्तरीना हाते शिकसू. मंग सरकारी परीक्षा. पास व्हयनू तं सनद भेटी. ऱ्हासू मामाकडे."

"नि मालक म्हना, चढाड पट्टा, तं?"

"चालता पट्टाले मी हात लावाव नई. हाई मी मिस्तरीले पहिलेच सांगी उनू."

"तरी म्हना तं?"

"तं त्याच रोज घर येसू."

"नि पाय घसरना तं?"

हिलालनं हातातली काडी खाली ठेवली. "ते माले ठाऊक नई, आबा. भ्याव मालेबी वाटस. काल दारमा उभा ऱ्हायनू तं पळी येवाशी वाटनं. तरी जावाशी वाटस. एक हंगाम जाऊ द्या. आखाजीले तुम्ही सांगशात तसं."

धनसिंग मातीतल्या रेघांवर वाकला. ताईबाईनं पुढं सरकून एका रेघेच्या तुटल्या जागेवर बोट ठेवलं. "हाई दार ना?"

"हा माय." त्यानं आवाज खाली आणला. "मी आठेच उभा व्हतू. मामा मना पाठमांगे हाका मारी ऱ्हायंता. माले एकबी ऐकू उनी नई. तठे कोनलेच येत नई, माय. मामालेबी नई उनी व्हई. त्यानी वर देखं ते हात गयावर. त्यानी स्वता सांगं."

तिनं बोट उचललं नाही. धनसिंगला काही उमगलं नाही. तो एकदा बायकोकडे, एकदा पोराकडे बघत राहिला.

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. ताईबाई दचकली. इतक्या वर्षांची भीती एका वाक्यानं थोडीच जाते. पण या खेपेला तिचं बोट मातीतून फिरत राहिलं, दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून इंजिनघरापर्यंत, आंधळ्यानं वाट चाचपावी तसं.

धनसिंग धोतर झटकत उठला. "आखाजीले दोन्ही हात मोजी लेसू मी," तो म्हणाला आणि औताकडे चालू लागला.

सोमवारी हिलाल निघाला. खुंटीवरचा सदरा घ्यायला गेला तर सदरा तिथं नव्हता. दिवाळीत शिवलेला, पूर्ण बाह्यांचा, घरातला एकुलता एक नवा सदरा. ताईबाई ओट्यावर बसली होती. मांडीवर सदरा, हातात कात्री. एक बाही कोपराच्या वर कापून झाली होती, दुसरी ती कापत होती. कात्री वाकडी जात होती.

"नवा व्हता ना वं माय."

"पट्टाना वारामा उडतीस बाह्या," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. चौथ्या खेपेला ओवला. "बठ. काठ दुमडी देस. सुटेल दोराबी नको."