शून्य टक्क्यांसाठी

राजाजीनगरच्या स्विचच्या कारखान्यात प्रेसखाली शालनच्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं, पहिल्या सांध्यापर्यंत. पुढचं सगळं मात्र रीतसर झालं. मुकादमीण शकुंतलाबाईंनी हाताला फडकं गुंडाळता गुंडाळताच अपघाताच्या वहीत नोंद करवली, मालकांनी कामगार राज्य विम्याच्या कचेरीला कळवलं, आणि जखम भरेपर्यंत विम्याच्या डॉक्टरच्या दाखल्यांवर शालनला भत्ता मिळत राहिला.

मग डॉक्टरने 'कामाला योग्य' असा शेवटचा दाखला दिला आणि मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. कमवायची ताकद कायमची किती टक्के गेली ते बोर्ड ठरवणार, त्यावर महिन्याची पेन्शन.

"पेन्शन लागली की नोकरी संपली," चुलत सासरे आप्पाजी म्हणाले. "सरकार काय दोन्ही हातांनी वाटतंय होय?" आप्पाजींना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, निदान त्यांच्या मते. सासूबाई खूश झाल्या. सून घरी बसेल आणि पैसेही येतील.

शालनला घरी बसायचं नव्हतं. घरी ती नुसती धाकटी सून. कारखान्यात ती शालनअक्का. तिच्या प्रेसचा ठोका ऐकून बायका गाणी धरायच्या. तिने ठरवलं, बोर्डाकडून शून्य टक्केच घ्यायचे.

बोर्डापुढे ती मोगऱ्याची परडी घेऊनच गेली. टेबलामागे तीन डॉक्टर. कोणी काही विचारायच्या आत तिने गजरा ओवायला घेतला. मग सुईत दोरा घातला, पदराला गाठ मारली आणि सोडली, डॉक्टरांच्या पुढ्यातली पिन चिमटीत उचलून दाखवली. मधले डॉक्टर हसू दाबत होते. शेजारच्यांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"बोट बरं आहे, सार. काही गेलं नाही."

"अक्का, स्वल्प, जरा थांबा. हात दाखवा." मधल्या डॉक्टरांनी सांध्यावर बोट फिरवलं. "एक पेर गेलंय. नऊ टक्के."

"पाच करा," शालन म्हणाली. "दोन. सार, अर्धा तरी करा."

"इथे भाजी विकत नाही हो आम्ही. कायद्याच्या तक्त्यात लिहिलंय. तुम्ही नाचून दाखवलंत तरी नऊच."

शालनला रडू कोसळलं. ओंजळीतली फुलं टेबलभर सांडली. गोंधळलेल्या डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा हुंदक्यांमधून आप्पाजींचा कायदा बाहेर पडला.

तिघे खो खो हसले. मधले डॉक्टर कसेबसे म्हणाले, "अक्का, भत्ता होता तो काम बंद असेपर्यंतचा. ही पेन्शन गेलेल्या पेराची. ती जन्मभर मिळेल, आणि पगार कामाचा, तो वेगळा. उद्या खुशाल कामावर जा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

शालनने भराभर फुलं गोळा केली, एक मूठ डॉक्टरांच्या टेबलावरच राहू दिली, आणि पदर खोचून जिन्याकडे पळाली. खाली नवरा, चंद्रकांत, पडेल चेहऱ्याने उभा होता.

"किती?" त्याने विचारलं.

"नऊ," ती म्हणाली. "आणि उद्यापासून सकाळी चहा तुम्ही करायचा. माझी पहिली पाळी आहे."