एका खाटेवरची चार पाकिटं

रविता पटले आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होती. पदाचं नाव एवढं लांब की लोकांनी ते कधी पूर्ण उच्चारलंच नाही, सगळे नुसतं मॅडम म्हणत. पाच गावं, दीड खोली, एक रक्तदाबाचं मशीन आणि दर महिन्याला वाढत जाणाऱ्या ऑनलाइन नोंदी. तिरोड्याहून आली तेव्हा ती उत्साहानं नुसती फसफसत होती. तीन वर्षांत तो उत्साह नोंदींनी खाऊन टाकला आणि मागे उरला तो शीण, जो रविवारी झोपूनही जात नव्हता.

एक गोष्ट मात्र तिनं स्वतःच्या डोक्यानं सुरू केली होती. दोन वर्षांपूर्वी एका सुनेनं बकरीच्या जंताचं औषध सासूला पाजलं. सासूला काही झालं नाही, पण सुनेचं नाव कायमचं बदनाम झालं. तेव्हापासून रविताचा नियम झाला: पाकिटाचा फोटो मला पाठवल्याशिवाय कोणतीही गोळी तोंडात टाकायची नाही. आणि लोक ऐकायला लागले, हेच मोठं नवल. शेतातून, किराणा दुकानातून, गोंदियाच्या मेडिकलमधून फोटो यायचे. ती बघायची आणि 'चालेल' किंवा 'नको' एवढंच लिहायची. तालुक्याच्या बैठकीत या नियमाचं कौतुकही झालं. कौतुक झाल्यावर फोटो दुपटीनं वाढले.

त्या कार्तिकात घराघरात सर्दी-ताप आला होता. धान कापून पडलं होतं, चुरणीची, म्हणजे धान मळायची, मशीन गावात फिरत होती, आणि ज्याच्या दारी मशीन येईल त्याला आजारी पडायची सोय नव्हती. उपकेंद्राच्या ओट्यावर रोज साठ-सत्तर माणसं खोकत बसलेली. अशात आलेल्या फोटोंना उत्तरं देताना रविता एका हातानं थर्मामीटर धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'चालेल' दाबायची.

गुरुवारी सकाळी आशाताई प्रेमिलाचा फोन आला. वाडीतल्या दुधराम मेश्राम यांचा ताप उतरलाय, पण काल रात्रीपासून ओकाऱ्या होतायत, पेजसुद्धा पोटात राहत नाही. घरचे म्हणतात तापाचा अशक्तपणा आहे. प्रेमिलालाही तसंच वाटत होतं, फक्त म्हातारा उजव्या बरगडीखाली हात धरून बसला होता आणि ते तिला बरं दिसलं नाही.

रविताला काय वाटलं कोण जाणे. तिनं विचारलं, घरात कोणकोणत्या गोळ्या आहेत? प्रेमिला म्हणाली, माझ्या पिशवीतली तापाची दिली होती, तुम्हीच सांगितलं तशी, बाकीचं मला माहीत नाही. मग रविता म्हणाली, घरात असेल नसेल ते सगळं काढ, खाटेवर एका रांगेत मांड आणि एकच फोटो काढ. रिकामी पाकिटं फेकली असतील तर उकिरड्यावरून उचलून आण.

फोटो आला. सुतळीच्या खाटेवर चार पाकिटं होती. रविताचा चहा हातातच राहिला, कारण ती चारही पाकिटं तिनं आधी पाहिली होती.

पहिलं आशाताईच्या पिशवीतलं, पाचशेची साधी तापाची गोळी. सोमवारी प्रेमिलानं विचारलं होतं, हिनं लिहिलं होतं 'चालेल, एकेक, दिवसातून चारदा'. दुसरी किराणा दुकानातली सर्दीची लाल गोळी. दुकानदार कात्रीनं दोन-दोन गोळ्या कापून देतो, त्यामुळे मागची घटकांची ओळ कापली जाते. हा फोटो दुधरामच्या सुनेनं, रिंकीनं, पाठवला होता. 'नाक वाहते, देऊ का?' हिनं लिहिलं, 'चालेल, तीनदा'. तिसरी, सर्दी-फ्लूची म्हणून गोंदियाहून जावई हेमेंद्रनं आणलेली, अनोळखी नंबरवरून हिंदीत विचारलेली. तिला हिनं नुसता अंगठा दाखवला होता आणि पाकिटावर दिवसातून तीनदा लिहिलेलंच होतं. चौथी अंगदुखीची. तिच्याबद्दल शेजारणीनं विचारलं होतं, 'एका म्हाताऱ्याचं अंग ठणकते' म्हणून. 'जेवल्यावर, दोनदा.'

चार फोन, चार पाकिटं, चार 'चालेल'. एकेक धरलं तर एकही उत्तर चूक नव्हतं. पण सगळ्या गोळ्या एकाच माणसाच्या पोटात चालल्या होत्या, आणि चारहींमध्ये नाक मोकळं करणारं, झोप आणणारं, दुखणं मारणारं काही वेगवेगळं असलं तरी एक औषध तेच होतं: पॅरासिटामोल. असं नव्हतं की रविताला ते माहीत नव्हतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही, इतकंच.

तिनं रजिस्टरच्या मागच्या पानावर बेरीज केली. तापाच्या चार म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम. लाल गोळीचे दीड हजार. गोंदियाच्या गोळीचे दीड हजार. अंगदुखीच्या गोळीत सव्वातीनशे, दोनदा, म्हणजे साडेसहाशे. एकूण पाच हजार सहाशे पन्नास, रोज, तीन दिवस. धडधाकट माणसालाही दिवसाला चार हजारांच्या पुढे जायचं नसतं. मागच्या तपासणीत दुधरामचं वजन बेचाळीस किलो भरलं होतं. त्यात तापानं तीन दिवसांचा उपास, आणि मोहाच्या दारूची सवय तर साऱ्या गावाला ठाऊक होती. एवढ्याशा अंगाच्या, उपाशी माणसाचं यकृत हा भार कसा सोसणार?

ओट्यावरच्या लोकांना बसायला सांगून तिनं स्कूटी काढली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच होतं, की या औषधाचं विष सुरुवातीला फारसं बोलत नाही. ओकारी, मळमळ, अंग गळणं, म्हणजे सर्दी-तापातही जे होतं तेच. डोळे पिवळे व्हायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

दुधराम अंगणात धानाच्या पुंजण्याला, रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगाला, टेकून बसला होता. मशीन शेजारच्या दारी आली होती, जेवणानंतर यांची पाळी. ताप नव्हता. म्हाताऱ्यानं हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, बरा आहे जी मी, चुरणी होऊन जाऊ द्या. त्याची बायको सुमित्राबाई पाखडायचं सूप घेऊन उभी होती. तिनंही तेच सांगितलं: आज मशीन गेली की आठ दिवस येत नाही. दवाखान्यात परवा जाऊ.

रवितानं बरगडीखाली हलकेच दाबलं. म्हातारा कळवळला. तिनं आधी गोळ्या बंद करायला सांगितल्या, मग तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून वजन, आकडे आणि दिवस सांगितले. डॉक्टरांनी एका दमात ठरवलं. गोंदियाला न्या, मी तिथे कळवतो. थांबून बघू नका. गोळ्या थोड्या-थोड्या करून पोटात गेल्यात, तेव्हा एकदाच्या रक्त तपासणीवर विसंबता येत नाही, यकृताचे आकडेही बघावे लागतील आणि बहुतेक उताऱ्याची सलाईन लगेच सुरू करतील. पाकिटं सगळी सोबत द्या.

बोलावलेली अॅम्ब्युलन्स निघाली होती. माणसं मात्र जागची हलत नव्हती. सुमित्राबाईचं म्हणणं अगदी सरळ होतं: ताप उतरला, म्हणजे औषध लागू पडलं. लागू पडलेलं औषध विष कसं होईल? रिंकीनं सासूची बाजू घेतली. प्रेमिलाचा चेहरा पडला होता, कारण पहिली गोळी तिच्या पिशवीतली होती.

रविताला पळवाट दिसत होती. किराणावाल्याच्या कात्रीवर ढकलता आलं असतं. जावयावरही ढकलता आलं असतं, जावई काही तिथे नव्हता. पण मग ही बाई नवऱ्याला दवाखान्यात का नेऊ देईल? तिनं चारही पाकिटं हातात घेतली आणि सुमित्राबाईसमोर जमिनीवर बसली.

"मामी, हे चार नावं हायत, पन औषध एकच हाय. दिवसाच्या बारा गोळ्या झाल्या."

सुमित्राबाईनं पाकिटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज चढला नाही.

"पन मॅडम, तुमाले इचारूनच देल्ल्या जी सगळ्या."

"हो. मीच हो म्हनली. चारही खेपा. चूक माही हाय, म्हनून सांगून राहिली, आज नाही गेले त मामाजी हाती लागनार नाहीत."

शेजारी मशीन धडधडत होती. सुमित्राबाईनं सूप खाली ठेवलं, लुगड्याचा पदर खोचला आणि रिंकीला सांगितलं, मशीनवाल्याले म्हन, आमची पाळी दुसऱ्याले दे.

सोबत द्यायच्या चिठ्ठीवर रवितानं प्रत्येक गोळी, किती, केव्हापासून, शेवटची कधी, सगळं लिहिलं. खाली लिहिलं की चारही औषधांना फोटोवरून मी संमती दिली होती. प्रेमिलानं ते वाचून तिच्याकडे पाहिलं, हे लिहायलाच पाहिजे का म्हणून. रवितानं सही केली. शूरपणा वगैरे काही नव्हता, खोटं लिहून ते पुढे सांभाळायला लागणारी ताकदच तिच्यात उरली नव्हती.

परत आल्यावर ओट्यावरची माणसं तशीच होती. तिनं संध्याकाळपर्यंत ती तपासली. मोबाईलवर तेवढ्यात एकोणीस फोटो येऊन पडले होते, आणि एकालाही उत्तर द्यायला अंगठा धजत नव्हता.

तीन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. हेमेंद्रकडून तुटक बातमी यायची. यकृताचे आकडे खूप वाढलेत, सलाईन चालू आहे. मग, अजून वाढलेत. मग एक पूर्ण दिवस काहीच नाही, आणि त्या दिवशी तिनं मनातल्या मनात दुधरामचं मरण तीनदा पाहिलं. रविवारी दुपारी सुमित्राबाईचाच फोन आला. आकडे उतरायला लागलेत, थोडी खिचडी खाल्ली. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस काढले असते तर सांगता आलं नसतं.

आता बोलणी बसतील म्हणून रविता तयार झाली, खरं तर वाटच पाहत होती त्यांची. बोलणी बसली असती तर थोडं हलकं वाटलं असतं.

सुमित्राबाई म्हणाली, "इथच्या नर्सनं एक गोळी देल्ली जी ओकारीची. तुमाले इचारल्याबिगर कशी देऊ?"

एवढं होऊनही ही बाई रवितालाच विचारत होती. तिनं रजिस्टर ओढून घेतलं.

"मामी, आदी सांगा, मामाजी आनखी काय काय घेऊन राहिले?"

सुमित्राबाई बोलली, रागानं नाही, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"हे तवा काऊन नाही इचारलं जी?"

सत्तर माणसं होती, नोंदी होत्या, हातात थर्मामीटर होतं. रविताकडे ही सगळी उत्तरं होती, आणि एकही देण्यासारखं नव्हतं.

"थकली होती, मामी."

"आमी बी," सुमित्राबाई म्हणाली. मग तिनं हेमेंद्रला हाक मारली, खाटेजवळची सगळी पाकिटं मांडायला लावली आणि एकेकावरचं नाव त्याच्याकडून वाचून घेत सांगू लागली. रविता रजिस्टर उघडून एकाखाली एक लिहून घेत गेली.