खुणेच्या वर बारा सेंटिमीटर

सकाळी सहज म्हणून मोजायची टेप वहिनीच्या विहिरीत सोडली आणि माझं डोकंच फिरलं. काठावरून पाणी नऊ मीटर आठ सेंटिमीटरवर होतं. आदल्या दिवशी, उपसल्यावर पाणी किती वेगाने भरतं ते बघायची टेस्ट सुरू करायच्या आधी मी स्वतः मोजून दगडावर पांढऱ्या रंगाने खूण केली होती, ती नऊ मीटर वीसची. म्हणजे विहीर खुणेच्याही बारा सेंटिमीटर वर भरली होती. भर उन्हाळ्यात.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच.

एकतीस वर्षं सरकारी नोकरीत विहिरी मोजण्यात घालवल्यावर माणसाला एक कळतं: आपण उपसलेलं पाणी विहीर परत भरून काढते, वर जास्तीचं देत नाही. दिलं, तर समजायचं की कुठेतरी पाणी मुरतंय. वहिनीची शप्पथ, मला वाटलं पाइप गळतोय. पण उपसलेलं पाणी मी मुद्दाम लांब, रोपवाटिकेच्या पार टोकाला सोडलं होतं, परत विहिरीत झिरपू नये म्हणून. पाइप कोरडा ठणठणीत होता.

आदल्या दिवशीची टेस्ट मात्र दृष्ट लागावी अशी झाली होती. मोटर लावून पाणी दीड मीटर खाली ओढलं, मोटर बंद केली आणि घड्याळ लावून बसले. पहिल्या तासात पाणी बेचाळीस सेंटिमीटर चढलं, दुसऱ्यात बत्तीस, तिसऱ्यात चोवीस. पाणी वर येतं तसा झऱ्यांचा जोर कमी होत जातो, हे बरोबरच आहे. विहिरीचा घेर धरून हिशेब केला, तर तासाला सहा हजार लिटर. रोज पाच तास मोटर चालवली तरी झऱ्यांना झेपेल.

वहिनीने एवढंच विचारलं होतं, "ताई, रोपांच्या वीस हजार पिशव्या भरू ना?"

"भर," मी म्हणाले होते. अगदी ऐटीत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तो जाऊन तीन वर्षं झाली. मागे ठेवलं ते हे: पंचवीस मोठी झाडं, ज्यांच्या फांद्यांपासून कलमं होतात, आणि ही विहीर. गेल्या उन्हाळ्यात विहीर मध्येच आटली, तेव्हा वहिनीने डोक्यावरून पाणी वाहून ती झाडं जगवली. यंदा पिशव्या जास्त भरल्या आणि पाणी कमी पडलं, तर पिशव्याही जातील आणि झाडंही. म्हणून तर मला बोलावलं होतं.

मी काठावर बसून कान दिला. काहीतरी चुकत होतं, आणि ते चुकत होतं शांततेत. कुंपणापलीकडे साठ पावलांवर माझ्या धाकट्या भावाची विहीर आहे. त्याची मोटर सकाळी सातला सुरू होते ती संध्याकाळीच थांबते. आज आठ वाजून गेले होते. आणि काल? काल मी दिवसभर घड्याळाकडेच बघत होते, कानात बोळे घातल्यासारखी.

धाकटा भाजीच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. पानं माना टाकून होती.

"मोटर जळली का रे?"

"नाही."

"मग?"

तो मातीच उकरत राहिला. "काल सकाळी तुझी टेप दिसली. म्हटलं, वहिनीची टेस्ट आहे. तिचा आकडा चांगला यावा. आपली मोटर कशाला मध्ये."

मला त्याचा गालगुच्चा घ्यावा की कानाखाली द्यावी, तेच कळेना. थोरला गेला त्याच वर्षी याने आपली विहीर चार मीटर खोल केली. तेव्हापासून वहिनी म्हणत होती की भाऊजींनी माझं पाणी ओढलं, आणि हा म्हणत होता की तसं काही नाही. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. मी दोघांच्या मध्ये बसून गोड बोलत राहिले, आणि एकदाही टेप सोडली नाही. कारण काय निघेल ते मला ठाऊक होतं.

"अरे वेड्या, तुझी मोटर बंद राहिली म्हणून तिची विहीर भरली. तो आकडा खोटा आहे. तू चार दिवस नेहमीसारखं पाणी उपस, मग मी पुन्हा टेस्ट घेते."

"तोच आकडा लिही. मी यंदा मोटर लावणारच नाही."

"आणि ही भाजी? पोरींच्या फिया?"

त्याने सुकलेलं एक पान खुडलं. मग म्हणाला, "माझ्या हाताने तिची विहीर खाली करून दाखवू? नाही जमायचं, ताई."

वहिनी सावलीत बसून पिशव्यांत माती भरत होती. दीडेकशे झाल्या असतील. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिचा हात थांबला.

"म्हणजे तीन वर्षं मी म्हणत होते ते खरं."

"खरं."

"आणि तुम्ही मला म्हणत होतात, मनाचे खेळ आहेत."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "म्हणत होते. चुकलं माझं."

ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिने हात पदराला पुसले, उठली आणि सरळ कुंपणाकडे गेली. धाकटा तिला बघून उभा राहिला. दोघांच्या मध्ये तारेचं कुंपण होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मोटर चालू करा."

"वहिनी, मी..."

"करा. मला खरं पाणी बघायचंय."

त्याने बटण दाबलं. चार दिवस त्याची मोटर सातला सुरू होऊन संध्याकाळी बंद होत राहिली, आणि पाचव्या दिवशी सकाळी वहिनीच्या विहिरीतलं पाणी बरोबर माझ्या पांढऱ्या खुणेवर येऊन थांबलं होतं. बारा सेंटिमीटर कुणाचे होते, ते विचारायची गरज उरली नाही.

पुन्हा पाणी दीड मीटर खाली ओढलं. या वेळी टेप वहिनीने धरली. दर तासाला ती आकडा मोठ्याने वाचायची, आणि पलीकडून, मोटरच्या आवाजावर आवाज चढवून, धाकटा म्हणायचा, "ऐकलं." मला वहीत लिहिता येईल इतकंच हळू बोल, असं मी तिला म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

"अठरा."

"ऐकलं."

"तेरा."

"ऐकलं."

"नऊ."

"ऐकलं."

मी हिशेब केला. तासाला अडीच हजार लिटरही नाही. पाच तासांचे बारा हजार. मोठ्या झाडांचं काढून ठेवलं, तर उरलेल्यात सात हजार पिशव्या जगतील. पुढे पाणी आणखी खाली जाईल, तेव्हा तेही जरा हात राखूनच. मी कागद वहिनीला दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"सात," ती म्हणाली. "बरं."

आठव्या तासाला ऊन उतरलं होतं. टेप ओली होऊन वर आली. वहिनीने आकडा बघितला, मग खुणेकडे बघितलं.

"नव्वद सेंटिमीटर कमी," ती ओरडली. "खुणेपर्यंत आलं नाही, भाऊजी."

पलीकडून "ऐकलं" आलं नाही. फक्त मोटर बंद झाली, रोजच्यापेक्षा तासभर आधी.