बैल घेऊन या, एवढंच सांगायचं होतं

बागाईतदारांकडं आवतण द्यायला धाडताना सगुणाबाईनं लेकाला, भुजंगला, चार चारदा बजावलं होतं. "नारळ-सुपारी दे, रामराम कर, पण कारण सांगितल्याबिगर उठू नको. म्हणावं, राजूरच्या जत्रेत आमच्या पालामागच्या विहिरीवर लोखंडी मोट लावून ठेवतो. आपलीच जोडी, आपलाच मोटकरी आणा. चामड्याच्या मोटेसंगं बराबर ताडून बघा. जड गेली तर घेऊ नका."

नवऱ्यामागं भाता तिनंच चालवला होता. ही मोट मात्र लेकाच्या हातची. तीन-चार मोठ्या बागाईतदारांनी घेतली की अवघा मुलूख घेणार. न्हाई घेतली तर भुजंग रेल्वेच्या कारखान्यात जाणार, आन् भट्टीत मांजर निजणार.

जत्रेला सगळे आले. केदारखेड्याचे रामराव पाटील, इनायतमियाँ, त्यांच्यामागं दोघं-तिघं. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. सगुणाबाईनं मागं मोटकरी दिसतो का बघितलं.

"पाटील, मोटकरी कुठाय?"

"मोटकरी?" रामराव हसले. "सगुणाकाकू, तुमच्या पोरानं पायधूळ झाडायला बोलावलं. झाडली!"

इनायतमियाँनी मोटेवरून हात फिरवला. "चीज तर खूब हाय, काकू. पण वजनी दिसते. माझी जोडी वढंल का न्हाई, वढून बघितल्याबिगर कसं सांगू?"

"मंग आताच जोडा की!"

"देवाला सजवून आणलेले बैल मोटेला? बिलकुल न्हाई."

"दुसऱ्याची जोडी आणते."

"दुसऱ्याच्या बैलाची ताकत बघून मी काय करू?" रामराव उठले. "शिवाय यंदाच्या चामड्याच्या मोटा परवाच शिवायला टाकल्या. आधी बोलला असतात तर हात आखडला असता."

पान खाऊन सगळे दर्शनाला गेले. विहिरीवर लोखंड तेवढं चमकत राह्यलं.

"काय सांगून आल्तास रे?" ती लेकाकडं वळली.

भुजंग खाली बघत होता. "जत्रेला या म्हणलं. एवढ्या मोठ्या मानसाला मोटेला बैल घेऊन या कसं म्हणू? वेठीला बोलावल्यागत वाटलं असतं."

"त्यांच्या मानाला जपलास, आन् माझ्या भट्टीत पाणी वतलंस! अरं, पाहुणचाराला तर कुणीबी येतं. मोटेला जोडी जुंपतो तो गिऱ्हाईक."

"पुढच्या साली..."

"पुढच्या साली तू कुठं असशील?"

तो मोटेची दावी सोडायला लागला. पोराचे हात बापासारखेच, गाठ सुटेस्तोवर घाई न करणारे. सगुणाबाईला वाटलं, रडावं. पण जत्रेत, चारचौघांत, लोहाराच्या बाईनं? तिनं पदर खोचला आणि मोटेचं दुसरं टोक धरलं.

"कारखान्यात माणसं कधी घेतात?" तिनं विचारलं.

"या महिन्यात."

"मंग जा. थांबायचं कशाला?"

दोघांनी मिळून मोट गाडीत टाकली. मोट रिकामी होती, तरी तिला जड गेली.