एका माणसाचा खर्च

शनिवारी सकाळी आंघोळ उरकली की कृष्णात पाटलांना, म्हणजे आण्णांना, पत्र यायचं. ते फोनवर यायचं, पण घरात त्याला पत्रच म्हणायचे. उचगावातल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभी हयात साचे केले होते. निवृत्त होताना हातात आलेला पैसा थोरल्या लेकीनं, क्रांतीनं, म्युच्युअल फंडात लावला होता. क्रांती बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत होती. सुरुवातीला ती दर महिन्याला फंडाच्या कंपनीचे कागद धाडायची, आणि ते उघडले की आण्णांचं डोकं उठायचं. एकदा त्यांनी फोनवर तिला झाडलंच.

"ती एनएव्ही का फेनएव्ही तुझ्याजवळ ठेव. माझा पैसा किती झाला, वाढला का घटला, आन् दोघांना कुठवर पुरंल, एवढं सांग. साध्या मराठीत."

क्रांती हसली होती. पण महिन्याभरात तिनं सोयच करून टाकली. तिनं एक प्रोग्राम लिहिला. शुक्रवारी रात्री फंडांचे भाव जाहीर झाले की तो ते उचलायचा, आण्णांच्या नावावर किती युनिटं आहेत त्यानं गुणायचा, मागच्या शुक्रवारशी ताडून बघायचा आणि क्रांतीनं आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांतली योग्य ती वाक्यं जुळवून शनिवारी सकाळी पत्र धाडायचा. त्यात माणसाचा हात कुठंच लागत नव्हता. क्रांती झोपलेली असली तरी पत्र यायचं.

"नमस्कार आण्णा. या आठवड्यात तुमचा पैसा थोडा घटला. बाजारात असं होतं, काळजीचं कारण नाही." अशा पाचसहा ओळी. आण्णा चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे आणि त्यांची बायको तानाबाई चुलीपुढं बसून ऐकायची. गॅस होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची.

नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी आण्णा वाचता वाचता थांबले.

"या आठवड्यात तुमचा पैसा घटला. तरीही तो आधीपेक्षा दुप्पट वर्षं पुरेल. घरात आता एका माणसाचा खर्च धरला आहे."

"काय झालं?" तानाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. डोळ्यात धूर गेला."

ती ओळ गाळून त्यांनी पुढचं वाचलं. पैसा थोडा घटला, काळजी नको, पुढच्या शनिवारी भेटू. तानाबाईनं भाकरी उलटली. आण्णांनी फोन पालथा घालून फळीवर ठेवला, आणि कुणीतरी दाराबाहेर उभं राहून घरातली माणसं मोजून गेल्यागत त्यांना वाटलं.

हिशेबात ते कच्चे नव्हते. पैसा घटला आणि तरी दुप्पट पुरणार, म्हणजे खाणारी तोंडं निम्मी झाली. दोनातलं एक गेलं. पण पत्र तर त्यांच्याच नावानं आलं होतं. नमस्कार आण्णा. मग गेलं कोण?

डिसेंबरात तानाबाईला दोनदा चक्कर आली होती. क्रांती सुट्टी काढून आली, आईला कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं, डोक्याचा फोटो काढला. रिपोर्ट क्रांतीच्या फोनवर आले. "सगळं ठीक आहे आण्णा, चहा कमी करायला सांगा," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. जाताना आईच्या गळ्यात जरा जास्त वेळ पडली होती. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. पोरीला काहीतरी कळलंय. आपल्याला सांगायला तोंड झालं नाही, पण हिशेबात तिनं ते मांडून ठेवलंय.

फोन करून विचारावं असं दिवसातून चारदा मनात यायचं. नाव दाबायला ते अंगठा न्यायचे आणि मागं घ्यायचे. विचारलं तर ती खरं सांगेल. विचारलं नव्हतं तोवर तानाबाई समोर अंगण झाडत होती, कोंबड्यांना शिव्या देत होती, जिती होती.

सोमवारी दूध घालणारा ज्ञानू अर्धं माप ओतून उठायला लागला.

"अरे, एक लिटर की रोजचं."

"वैनी म्हनल्या आजपास्नं अर्धाच. एका माणसाला तेवढं बास म्हनल्या." ज्ञानूनं किटली सायकलीला अडकवली. "पावणं गेलं जनू घरातलं."

घरात पाहुणा नव्हताच. आण्णा पातेलं हातात धरून दारातच उभे राहिले. पत्रातलं वाक्य तिच्या तोंडी कसं आलं? आत तानाबाई गुणगुणत भांडी लावत होती. चहा तिनं एकच कप केला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"तुला?"

"मला नको झालाय."

त्या आठवड्यात घर हळूहळू एकाचं होत गेलं. उन्हात घातलेल्या वाकळा आत आल्या तेव्हा एकच आली. दुसरी शेजारच्या मलिकाच्या सुनेला दिली, बाळंतीण आहे म्हणाली. कपाटातली चांगली दोन लुगडी पिशवीत बांधून तिनं दाराशी ठेवली. एका संध्याकाळी आण्णांना तिनं चुलीपुढं बसवलं.

"पीठ मळून दाखवा बगू."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात. पानी कोमट पायजे. असं तळव्यानं रगडायचं. भाकर फुगली न्हाई तरी चालंल, चिरली न्हाई पायजे."

आण्णांच्या हाताला पीठ चिकटलं होतं आणि त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं. ती नीट दिसत होती. चेहऱ्यावर रंग होता. पण दुपारी ती बाजल्यावर उन्हात झोपली की ते पाय न वाजवता जवळ जायचे आणि पदर वर-खाली होतोय का बघत उभे राहायचे. एकदा तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "हाय अजून."

ते पाय न वाजवता मागं सरले.

दुसऱ्या शनिवारी पत्र आलं. "घरखर्चात काही बदल नाही. घरात एक माणूस." आण्णांनी वाचलं, "घरखर्चात काही बदल नाही," आणि फोन पालथा घातला. तानाबाई चूल उगीचच फुंकत राहिली.

संक्रांतीला मुरगूडला तिच्या भावाकडं जायचं होतं. पिशवीत ती दोन लुगडी होती, भावजयीसाठी. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं तिचं आधार कार्ड बघितलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकिटाचे पैसे पडत नव्हते.

"ऐंशी भरली की वो आज्जी. दिसत न्हाई."

"कार्डावर भरली," तानाबाई म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा मी थोरली हाय, कागदावर. आवाज करून बोलू नका, न्हाईतर उतरवून ठेवतील."

कंडक्टर हसत पुढं गेला. तिचं खरं वय तिलाही ठाऊक नव्हतं. कार्ड काढताना कॅम्पातल्या पोरानं अंदाजानं एक जानेवारी आणि एक साल टाकलं होतं, चांगलं दहा वर्षं मागचं. पुढं फुकट एसटी निघाली, तेव्हा ते सुधारायचं कुणी मनावर घेतलं नाही.

गाडी कागलच्या पुढं गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादाला सांगू नका."

"काय?"

"पत्रातलं."

आण्णांच्या हातातली पिशवी मांडीवरून घसरली.

"तुम्ही फोन फळीवर ठेवून भाईर जाताय, तवा मी वाचती," ती म्हणाली. "दर शनवारी. रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले ती काय एसटीच्या पाट्या वाचायलाच व्हय? बाकीचे कागद मला लागत न्हाईत. पोरीचं पत्र लागतं, सोपं हाय. त्यात लिवलंय, एका माणसाचा खर्च. तुम्ही ती ओळ गाळली. मला वाटलं, पोरीनं तुम्हाला सांगितलंय. डोक्यात काय निघालंय त्ये."

"मला कुणी काय सांगितलं न्हाई, ताना."

ती वळली.

"मग मी दूध का कमी केलं?" ती हळूच म्हणाली. जणू ते दुसऱ्याच कुणी केलं होतं.

मुरगूडच्या स्टँडवर बाकावर बसून आण्णांनी नाव दाबलं. तानाबाईनं कान फोनला लावला.

"क्रांती, तुझी आई मरणार हाय का?"

पलीकडं क्रांती ओरडलीच. "आण्णा, काय बोलताय? रिपोर्ट नॉर्मल होते. मी सांगितलं होतं ना."

"मग पत्रात एक माणूस कुठनं आला?"

क्रांतीनं पत्र उघडलं असावं. टकटक ऐकू आली. मग तिचा आवाज खाली आला.

"आण्णा, ते मीच करून ठेवलंय. प्रोग्राममध्ये दोघांच्या जन्मतारखा आहेत. वय ऐंशीच्या आत असलं की माणसाचा खर्च धरायचा. कुठंतरी थांबवावं लागतं ना, नाहीतर ते दोनशे वर्षांच्या माणसाचाही खर्च धरत बसतं. आईची तारीख मी कार्डावरची घेतली. कार्डाप्रमाणं एक तारखेला आई ऐंशीची झाली."

"आन् त्यानं मला काढलं," तानाबाई म्हणाली.

"आई, तू ऐकतेस? सॉरी गं. मी एकदा लिहून सोडलं ते सोडलं. पत्र मी वाचतच नाही, ते आपोआप जातं."

तानाबाई हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. आण्णांना मात्र हसू येईना. दहा दिवस ती स्वतःला घरातून थोडं थोडं काढत होती आणि ते बघत बसले होते. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. एका तारखेनं सांगितलं होतं आणि दोघांनी ऐकलं होतं.

"आत्ता दुरुस्त करते," क्रांती म्हणाली. "आई, तुझं खरं वय किती धरू? आणि कुठवर धरू? ऐंशी कमीच होतं. नव्वद? पंच्याण्णव? काहीतरी आकडा द्यावा लागेल."

स्टँडवर निपाणीची गाडी लागली. माणसं धावली. आण्णांनी बायकोकडं बघितलं. आकडा द्यायचा म्हणजे तिच्यापुढं एक दिवस ठेवायचा, आणि त्या दिवशीचं पत्र येईपर्यंत रोज तिकडं बघत बसायचं.

"आकडा घालूच नको," तानाबाई फोनमध्ये म्हणाली. "जोवर तू सांगत न्हाईस तोवर दोघांचं धरू दे. जाईल त्याला तू तुझ्या हातानं काढ."

"मी?"

"न्हाईतर कोन? माझी पोरगी काढंल, त्ये मला चालंल."

क्रांती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी पत्र आलं. "घरात दोन माणसं धरली आहेत." आण्णांनी एकही ओळ न गाळता वाचलं. तानाबाईनं दोन कप चहा ओतला आणि म्हणाली, "आता बरोबर हाय."

आण्णांनी मान हलवली. पण फोन हातातून ठेवला नाही. पोरगी सांगेपर्यंत दोन माणसं. तिला उशीर झाला, किंवा तिच्यानं ते करवलं नाही, तर इथं दाराला कुलूप लागेल, चूल थंड होईल, अंगणात गवत वाढेल, आणि शनिवारी सकाळी पत्र येईल. नमस्कार आण्णा. तुमचा पैसा थोडा वाढला. घरात दोन माणसं.

"अवो, चहा निवतोय," तानाबाई म्हणाली.

त्यांनी कप उचलला.